‘तीं गेलीं’ की ‘ती गेली’? जुने कागद छापताना करायचे निर्णय

वडोदऱ्यातल्या जुन्या मराठी घरांमधून निघणाऱ्या वह्या, पत्रे, सभांची इतिवृत्ते छापायला घेतली की पहिला वाद शुद्धलेखनाचा निघतो. जसेच्या तसे छापायचे, की आजच्या नियमांप्रमाणे? आमच्यासारख्या यंत्रशाळेतून इतिहासाकडे आलेल्या माणसाला वाटते, नियम आहे ना, मग लावून टाकावा. पण नियम कशासाठी केला होता ते आधी पाहावे लागते.

मराठी साहित्य महामंडळाचे चौदा नियम १९६२ साली आले, १९७२ मध्ये आणखी चार जोडले गेले. त्यांत जुन्या लेखनाबद्दलही एक नियम आहे. केशवसुतांच्या पूर्वीचे पद्य आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पूर्वीचे गद्य मुळाप्रमाणे छापावे, त्यानंतरचे नव्या नियमांप्रमाणे. आपल्याकडचे बहुतेक कागद चिपळूणकरांनंतरचे, म्हणजे नियम अक्षरशः पाळायचा तर सगळे बदलून छापावे लागतील. कथा-कादंबरीच्या नव्या आवृत्तीला हे ठीक आहे. पण कागद पुरावा म्हणून छापायचा असेल तर काय होते, ते एका नमुन्यावर बघू.

समजा, घरखर्चाच्या वहीत वाक्य आहे: ‘चाळींत दोन वर्षें राहून तीं इंदुरास गेलीं.’ नव्या नियमांत उच्चारात न येणारे, केवळ व्युत्पत्तीमुळे दिले जाणारे अनुस्वार गेले. मग वाक्य होते: ‘चाळीत दोन वर्षे राहून ती इंदुरास गेली.’ वाचणारा समजतो, एक बाई गेली. मुळात ‘तीं’ आणि ‘गेलीं’ ही नपुंसकलिंगी अनेकवचने आहेत. नवराबायको किंवा अख्खे बिऱ्हाड गेले, असा त्याचा अर्थ. कोणते कुटुंब कधी कुठे हलले याचा माग काढणाऱ्याला दोन टिंबांनी एवढा फरक पडतो.

उलट बाजूही आहे. टिंब नाही म्हणून एकच बाई गेली असे लगेच धरता येत नाही. आधी लिहिणाऱ्याची सवय तपासावी. त्याच वहीत ‘वर्षें’, ‘घरें’, ‘त्यानें’ असे इतरत्र नियमाने टिंब देत असेल, तरच ‘ती गेली’ हे एकवचन मानावे. कुठे देतो, कुठे विसरतो असा हात असेल तर निर्णय आजूबाजूच्या मजकुरावरून करायचा. टिंबांवरून कागदाचे वयही ठरवू नये. जुन्या वळणात शिकलेली माणसे १९६२ नंतरही कित्येक वर्षे ‘नांव’, ‘कांहीं’ असेच लिहीत होती.

ऱ्हस्व-दीर्घाचे मात्र वेगळे. कागद बाळबोध असेल तर ‘कवि’, ‘गुरु’ जसे असेल तसे ठेवावे. मोडी असेल तर तो हट्ट व्यर्थ आहे, कारण मोडीत इकार आणि उकार यांचा ऱ्हस्व-दीर्घ भेद सहसा केलाच जात नाही. लिप्यंतर करणारा जे लिहितो तो त्याचा स्वतःचा निर्णय असतो. तेव्हा मोडीच्या लिप्यंतरात ‘मुळाप्रमाणे’ म्हणून ‘पाटिल’, ‘कवि’ असे लिहिले तर वाचकाची उगाच दिशाभूल होते. तिथे सरळ आजचे नियम लावावेत आणि तसे सुरुवातीला सांगावे.

राहिले इंग्रजी शब्द. ‘वकील’, ‘गरीब’ यांत उपान्त्य इकार दीर्घ आहे, तेव्हा ‘ऑफीस’ का नको, असे विचारले जाते. इंग्रजी शब्द आपण त्यांच्या उच्चाराप्रमाणे लिहितो, म्हणून आपल्या गद्यात ‘ऑफिस’, ‘पेन्सिल’. पण जुन्या इतिवृत्तात ‘आफीस’ असेल, पत्रात ‘हापीस’ असेल, तर उताऱ्यात तेच राहू द्यावे. तो शब्द त्या माणसाच्या कानावर कसा पडला, ते त्यातून कळते.

यावरून मी अशी पद्धत सुचवतो. आपले विवेचन महामंडळाच्या नियमांप्रमाणे. बाळबोध कागदातला उतारा, मग तो कोणत्याही सालचा असो, टिंबासकट मुळाप्रमाणे. मोडी उतारा आजच्या ऱ्हस्व-दीर्घाने. व्यक्तींची नावे त्यांच्या सहीत असतील तशी. आणि शेवटच्या सूचीत आजचे रूप, पुढे कंसात जुने: ‘ऑफिस (आफीस)’, ‘नाव (नांव)’. संगणकाला ‘नांव’ आणि ‘नाव’ हे दोन निराळे शब्द वाटतात. एक शोधले तर दुसरे सापडत नाही. उतारा न बदलता शोधाची सोय करायची ती सूचीतच.

हे काम थोडे वाढते खरे. पण उताऱ्यातले टिंब एकदा पुसले की पुढच्या अभ्यासकाला ते परत मिळण्यासाठी मूळ वहीच हुडकावी लागेल, आणि कागदाला तोवर वाळवी लागलेली असते.