मधल्या माणसाला कुठे बसवायचं? एका आलेखाची गोष्ट

आजचा भाग एका आलेखाबद्दल आहे. आलेख कानाने ऐकायचा म्हणजे जरा गंमतच, त्यामुळे ज्यांना आकडे डोळ्यांनी बघायचेत त्यांच्यासाठी हा लेखी भाग.

आपण सगळ्यांनी तो फॉर्म भरलेला असतो. कॉलेजचा फीडबॅक असो, ऑफिसचा सर्व्हे असो. एक विधान, आणि त्यापुढे पाच गोल: पूर्ण असहमत, असहमत, तटस्थ, सहमत, पूर्ण सहमत. आपण दोन मिनिटांत टिचक्या मारून मोकळे होतो. पण समोरच्याकडे मग अशी वीस विधानं आणि प्रत्येकाची पाच-पाच उत्तरं जमा होतात. म्हणजे शंभर आकडे. ते एका चित्रात कसे दाखवायचे? या प्रश्नाच्या मागे मला एक जुना, अजूनही न सुटलेला वाद दिसतो: त्या पाचांतल्या मधल्या गोलावर टिचकी मारणाऱ्या माणसाचं काय करायचं?

सुरुवात होते रेन्सिस लिकर्टपासून. (हो, लिकर्ट. बरेच जण ‘लायकर्ट’ म्हणतात, पण तो स्वतःचं नाव लिकर्ट असंच उच्चारायचा.) जन्म 1903, अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यातल्या शायेन गावी. आधी सिव्हिल इंजिनिअरिंग शिकायला गेला, मग माणसांकडे वळला, आणि न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात मानसशास्त्रात पीएच.डी. करू लागला. त्याच्या आधी शिकागोच्या लुई थर्स्टनने लोकांची मतं मोजायची एक पद्धत काढली होती, पण ती फार कष्टाची होती. आधी ढीगभर विधानं गोळा करायची. मग शेकडो लोकांना परीक्षक म्हणून बसवायचं. त्यांनी प्रत्येक विधान किती अनुकूल, किती प्रतिकूल हे ठरवून त्यांचे 11 गठ्ठे करायचे. एवढं झालं की मग खरा सर्व्हे सुरू!

लिकर्टने 1932 साली छापलेल्या प्रबंधात हे परीक्षकच काढून टाकले. विद्यार्थ्यांना आंतरराष्ट्रीय संबंध, वंशभेद, साम्राज्यवाद अशा विषयांवरची विधानं दिली आणि थेट विचारलं, तुम्हाला हे किती पटतं? उत्तराला पाच पायऱ्या. गुण देण्यासाठी त्याने आधी एक किचकट संख्याशास्त्रीय रीत वापरली. मग साधे 1, 2, 3, 4, 5 देऊन पाहिले, तर दोन्हींचे निकाल जवळजवळ तंतोतंत जुळले. झालं! सोपी रीत जिंकली.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. लिकर्टला एकेका विधानाचं उत्तर नको होतं. एका माणसाच्या सगळ्या विधानांवरच्या गुणांची बेरीज हवी होती. त्या बेरजेत मधल्या पायरीचे 3 गुण निमूट मिसळून जायचे. पण पुढे कंपन्या, सरकारी खाती, विद्यापीठं सगळ्यांनी त्याचे पाच गोल उचलले आणि बेरीज मात्र सोडून दिली. ते एकेक विधान वेगळं वाचू लागले. आणि त्यासाठी सोपा मार्ग होता सरासरीचा.

सरासरीने काय घोटाळा होतो ते बघू. समजा एका हॉस्टेलच्या मेसबद्दल 100 मुलांना तीन विधानं दिली. आकडे मी बनवलेले आहेत, समजायला सोपे जावेत म्हणून.

‘जेवण वेळेवर मिळतं’: पूर्ण असहमत 5, असहमत 10, तटस्थ 10, सहमत 50, पूर्ण सहमत 25. सरासरी 3.8.

‘भाजीला चव असते’: 30, 15, 10, 15, 30. सरासरी बरोबर 3.

‘मेसचे दर योग्य आहेत’: 5, 15, 60, 15, 5. सरासरी पुन्हा बरोबर 3.

भाजीवरून हॉस्टेल दोन गटांत फाटलंय. दरांबद्दल बहुतेकांना काही म्हणायचंच नाही. आणि सरासरीच्या तक्त्यात दोन्हींपुढे एकच आकडा. मेसवाला म्हणणार, ‘बघा, ठीकठाक चाललंय.’

मग चित्र काढू. आडव्या पट्ट्या मुळात जुन्या आहेत. स्कॉटलंडच्या विल्यम प्लेफेअरने 1786 च्या आपल्या ॲटलासमध्ये स्कॉटलंडची आयात-निर्यात पट्ट्यांनी दाखवली. कारण मजेशीर होतं: त्याच्याकडे एकाच वर्षाचे आकडे होते, त्यामुळे वर्षांमागून वर्षं जाणारी रेष काढताच येईना. पुढे 1874 मध्ये फ्रान्सिस वॉकरने अमेरिकेच्या जनगणनेच्या ॲटलासमध्ये मधल्या रेषेच्या एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला स्त्रिया अशा पाठीला पाठ लावलेल्या पट्ट्या काढल्या. ज्याला आपण भूगोलाच्या पुस्तकात लोकसंख्येचा मनोरा म्हणून बघितलंय, तेच. मधे एक रेष आणि दोन्हीकडे विरुद्ध गोष्टी, ही कल्पना तिथे तयार होती. पण वॉकरच्या चित्रात मधे कोणी उभं नव्हतं. लिकर्टच्या पाच गोलांत मात्र मधे एक माणूस आहे.

या दोन गोष्टी जोडून त्याचे नियम नीट लिहून काढले ते नेओमी रॉबिन्स आणि रिचर्ड हायबर्गर या दोन अमेरिकी संख्याशास्त्रज्ञांनी, 2011 च्या एका निबंधात आणि मग 2014 मध्ये ‘जर्नल ऑफ स्टॅटिस्टिकल सॉफ्टवेअर’मध्ये. तोवर असे आलेख कोणी काढतच नव्हतं असं नाही, पण प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. या दोघांनी इतर प्रकारांशी तुलना करून सांगितलं की लिकर्टच्या पायऱ्यांसाठी डायव्हर्जिंग स्टॅक्ड बार चार्ट वापरा. प्रत्येक विधानाची एक आडवी पट्टी. असहमत डावीकडे, सहमत उजवीकडे, मधे शून्याची उभी रेष. टोकाची मतं बाहेर आणि गडद, सौम्य मतं रेषेजवळ आणि फिकी. आणि तटस्थ? त्यांनी सुचवलं, करड्या रंगात, रेषेच्या बरोबर मधोमध, अर्धा डावीकडे आणि अर्धा उजवीकडे.

वाचताना पटतं. तो ना इकडचा ना तिकडचा, मग अर्धा-अर्धा वाटून टाका. आता आपली मेस या चित्रात बसवू. ‘वेळेवर जेवण’ची पट्टी डावीकडे 20 पर्यंत जाते (5 आणि 10 आणि तटस्थांचा अर्धा वाटा 5), उजवीकडे 80 पर्यंत. छान, एका नजरेत कळतं की इथे लोक खूश आहेत. भाजीची पट्टी डावीकडे 30, 15 आणि 5 मिळून 50, उजवीकडेही 50. आणि दरांची पट्टी? डावीकडे 5, 15 आणि 30. म्हणजे 50. उजवीकडे 50.

पाहिलंत ना? फाटलेलं हॉस्टेल आणि गप्प हॉस्टेल, दोघांच्या पट्ट्यांची टोकं अगदी एका जागी. रंग वेगळे आहेत, दरांच्या पट्टीत मधे मोठा करडा पट्टा आहे, नीट बघणाऱ्याला दिसेल. पण फोनच्या स्क्रीनवर अंगठ्याने सरकवत जाणारा माणूस पट्टीचं टोक बघतो. ज्या घोटाळ्यापासून पळून सरासरी सोडली, तोच दाराआडून परत आला.

म्हणून काही जण तटस्थांना या पट्टीतून काढून उजव्या कडेला, स्वतंत्र रकान्यात ठेवतात. तसं केलं की भाजीची पट्टी दोन्हीकडे 45 पर्यंत, दरांची फक्त 20 पर्यंत, आणि शेजारी करड्या रकान्यात एकाला 10, दुसऱ्याला 60. आता फरक लपूच शकत नाही. आणखी एक फायदा: ‘सहमत’चा तुकडा सगळ्या विधानांत शून्यरेषेपासून सुरू होतो. क्लीव्हलँड आणि मॅकगिल यांनी 1984 मध्ये प्रयोग करून दाखवलं होतं की एकाच रेषेवरून सुरू होणाऱ्या लांब्या डोळ्याला अचूक मोजता येतात, हवेत तरंगणाऱ्या तुकड्यांची लांबी तितकी नाही. तटस्थ मधे घुसवला की ‘सहमत’चा तुकडाही तरंगायला लागतो.

मी स्वतः वेगळ्या रकान्याच्या बाजूचा आहे. पण विरुद्ध बाजूलाही मुद्दा आहे. तटस्थ कडेला गेला की पाच पायऱ्यांचा क्रम तुटतो, आणि वाचणारा करडा रकाना सोडून पुढे जातो. दरांबद्दल 60 मुलं गप्प का आहेत? घरून पैसे येतात म्हणून फरक पडत नाही, की दर माहीतच नाहीत, की फॉर्मवर रूम नंबर लिहायचा होता म्हणून भीती वाटली? हे तिन्ही एकाच गोलात जमा होतात आणि कुठलाच आलेख ते वेगळे करू शकत नाही. त्यासाठी फॉर्ममध्येच ‘माहीत नाही’ असा सहावा गोल लागतो.

कोणाला करून बघायचं असेल तर साध्या स्प्रेडशीटमध्ये होतं. स्टॅक्ड बार चार्ट घ्या आणि सगळ्यात आधी एक जास्तीचा रकाना घाला: 100 वजा डावीकडची बेरीज. तटस्थ अर्धे वाटले तर ‘वेळेवर जेवण’साठी तो 80 येतो. या पहिल्या तुकड्याचा रंग पारदर्शक करा, की बाकीची पट्टी आपोआप जागेवर सरकते आणि शून्यरेष 100 वर येते. खालचे आकडे मात्र लपवा, ते आता खोटे आहेत. R वापरणाऱ्यांसाठी हायबर्गरच्या `HH` पॅकेजमध्ये तयार सोय आहे:

```r
library(HH)
likert(Item ~ ., data = mess, as.percent = TRUE,
       positive.order = TRUE)
```

इथे `Item` रकान्यात विधानं आणि पुढच्या पाच रकान्यांत उत्तरं, डावीकडून पूर्ण असहमतपासून. `positive.order` मुळे ज्या विधानाची पट्टी उजवीकडे सगळ्यात लांब जाते ते वर येतं. क्रम लावला नाही तर वीस पट्ट्या म्हणजे नुसती विस्कटलेली चटई.

काही जण असहमतीचे आकडे उणे करून चार्ट काढतात. चालतं, पण तिथे एक हमखास चूक होते. उणे बाजूला पहिला दिलेला तुकडा शून्याला चिकटतो. तुम्ही नेहमीच्या क्रमाने ‘पूर्ण असहमत’ आधी दिलंत, तर सगळ्यात चिडलेली माणसं मधल्या रेषेला चिकटून बसतात आणि सौम्य नाराज टोकाला. ओळखायचं कसं? डावीकडे गडद रंग आत आणि फिका बाहेर दिसला, तर क्रम उलटलाय. आणि अक्षावर ‘-40%’ असं दिसलं तर तेही पुसा. उणे चाळीस टक्के मुलं नसतात.

शेवटची खोड लिकर्टच्याच काळातली. त्याने काही विधानं मुद्दाम उलटी ठेवली होती, म्हणजे सगळीकडे डोळे झाकून ‘सहमत’ म्हणणारा पकडला जावा. बेरीज करताना अशा विधानांचे गुण फिरवून घेतात, 5 चा 1 आणि 1 चा 5. पण आलेखात ‘मेस अस्वच्छ असते’ला उजवीकडे लांब पट्टी आली, तर ती कौतुकाची नाही, तक्रारीची आहे. एक तर अशी विधानं वेगळ्या गटात दाखवा, किंवा आकडे फिरवले असतील तर विधानाचं वाक्यही फिरवून लिहा. आकडे फिरवले आणि वाक्य तसंच राहिलं, असे रिपोर्ट मी पाहिलेत, आणि त्यात मेस चकाचक दिसते.