रेषीय संभाव्यता प्रतिमान

रेषीय संभाव्यता प्रतिमान म्हणजे ज्या घटनेचे उत्तर केवळ 'होय' किंवा 'नाही' असे असते, तिची संभाव्यता सरळ रेषेच्या साहाय्याने मांडणारे संख्याशास्त्रीय प्रतिमान होय. यात 'होय'साठी १ व 'नाही'साठी ० हा अंक धरतात आणि नेहमीच्या लघुतम वर्ग पद्धतीने रेषा काढतात. रेषेवरील उंची ही त्या ठिकाणची संभाव्यता मानली जाते.

या प्रतिमानाची सोय त्याच्या उतारात आहे. कारणात एका एककाने वाढ झाल्यास संभाव्यता किती बदलते, हे उतारावरून थेट वाचता येते. त्यासाठी वेगळे गणित करावे लागत नाही. परंतु रेषेला दोन्ही टोकांना मर्यादा नसते, संभाव्यतेला मात्र ० आणि १ या मर्यादा असतात. सारी अडचण येथूनच उद्भवते.

चॅलेंजरचे उदाहरण

अमेरिकेचे चॅलेंजर अंतराळयान २८ जानेवारी १९८६ रोजी उड्डाणानंतर ७३ सेकंदांनी नष्ट झाले व सातही अंतराळवीर मृत्युमुखी पडले. साहाय्यक अग्निबाणांच्या सांध्यांतून तप्त वायू बाहेर पडू नये म्हणून रबरी कडी बसवलेली असत. थंडीत ती ताठर होत. त्याआधीच्या २४ उड्डाणांपैकी २३ उड्डाणांचे अग्निबाण तपासणीसाठी परत मिळाले होते आणि त्यांतील ७ उड्डाणांत कड्यांना इजा झाल्याचे आढळले होते.

आदल्या रात्रीच्या चर्चेत मुख्यतः इजा झालेल्या उड्डाणांचाच विचार झाला. ती ५३ ते ७५ अंश फॅरनहाइट अशा विस्तृत पट्ट्यात विखुरलेली असल्याने तापमानाशी संबंध ठळकपणे दिसला नाही. उरलेली १६ निर्धोक उड्डाणे शेजारी मांडली की चित्र पालटते: ती सर्व ६६ अंश किंवा त्याहून अधिक तापमानात झाली होती, तर ६५ अंशांखालील चारही उड्डाणांत इजा झाली होती. 'नाही' हे उत्तरदेखील माहितीच असते, याचे याहून कठोर उदाहरण सापडणे अवघड.

या २३ नोंदींवर रेषीय प्रतिमान बसवले असता पुढील सूत्र मिळते:

संभाव्यता = २.९०५ − ०.०३७४ × तापमान

म्हणजे तापमान एका अंशाने उतरले की इजेची संभाव्यता सुमारे ३.७ टक्के-अंकांनी वाढते. ७० अंशांना उत्तर ०.२९ येते, ते पटण्याजोगे आहे. मात्र ८१ अंशांना ते −०.१२ येते. हे काल्पनिक तापमान नव्हे. त्या तापमानात एक उड्डाण प्रत्यक्ष झाले होते. ७८ व ७९ अंशांच्या उड्डाणांनाही ऋण संभाव्यता मिळते. दुर्घटनेच्या दिवशी अपेक्षित असलेल्या ३१ अंशांसाठी हीच रेषा १.७५, अर्थात १७५ टक्के, असे उत्तर देते.

लॉजिस्टिक समाश्रयण

या पद्धतीत सरळ रेषा संभाव्यतेला न लावता घटना घडण्याच्या व न घडण्याच्या संभाव्यतांच्या गुणोत्तराच्या लॉगॅरिथमला लावतात. या लॉगॅरिथमला जोसेफ बर्कसन यांनी १९४४ साली 'लॉजिट' हे नाव दिले. परिणामी आलेख इंग्रजी 'एस' अक्षरासारखा वळतो आणि ० व १ यांच्या आतच राहतो. वरील नोंदींसाठी सूत्र असे येते:

लॉजिट = १५.०४ − ०.२३२ × तापमान

आता ८१ अंशांना संभाव्यता सुमारे ०.०२, ७० अंशांना ०.२३, तर ३१ अंशांना ०.९९ हून अधिक येते. एका अंशाचा परिणामही सर्वत्र सारखा राहत नाही. ६५ अंशांच्या आसपास तो सुमारे ५.८ टक्के-अंक असतो, तर ८१ अंशांपाशी जेमतेम अर्धा टक्का-अंक. उबदार हवेत आणखी एका अंशाने फारसा फरक पडू नये, हे वस्तुस्थितीला धरूनच आहे.

तरीही ३१ अंशांचे उत्तर जपून वाचावे. सर्वांत थंड नोंद ५३ अंशांची होती. त्याखाली वक्ररेषाही पुराव्याविनाच पुढे जाते. लॉजिस्टिक समाश्रयण अशक्य उत्तरे टाळते, अननुभूत परिस्थितीचे ज्ञान देत नाही.

निवड

उत्तर होय-नाही स्वरूपाचे असले की विचलनाचे प्रमाण संभाव्यतेनुसार बदलते. त्यामुळे रेषीय प्रतिमानात नेहमीच्या प्रमाण त्रुटी विश्वसनीय राहत नाहीत. हलबर्ट व्हाइट यांनी १९८० साली मांडलेल्या पद्धतीने त्या सुधारता येतात; ऋण संभाव्यता मात्र त्याने नाहीशी होत नाही.

संभाव्यता साधारण ०.२ ते ०.८ या पट्ट्यात राहत असतील तर वक्र व रेषा जवळजवळ एकरूप असतात आणि रेषीय प्रतिमानाची सोय घेण्यास हरकत नसते. उपचार मिळालेला व न मिळालेला असे दोनच गट असतील तर रेषा त्या गटांची प्रत्यक्ष प्रमाणेच देते, तेव्हा अशक्य उत्तर येऊच शकत नाही. सरासरी परिणामाचा अंदाज हवा असलेले अर्थशास्त्रज्ञ म्हणूनच ते अजूनही वापरतात. याउलट एकेका प्रसंगाची जोखीम सांगायची असेल, घटना विरळ असेल किंवा संभाव्यता टोकांकडे झुकत असतील, तर लॉजिस्टिक समाश्रयण निवडावे. चॅलेंजरच्या बाबतीत प्रश्न एकाच उड्डाणाचा होता.