चित्राखालची ओळ

माझे एक स्नेही पन्हाळ्याच्या बाजूचे आहेत. शब्दांवरून चित्र काढून देणारे संगणकयंत्र त्यांच्या हाती आले, तेव्हा त्यांनी मोठ्या उत्साहाने पहिली मागणी केली ती अशी : ‘एक सुंदर देखावा काढ.’ क्षणार्धात चित्र आले. निळे सरोवर, काठाला देवदाराची झाडे, पाठीमागे हिमाच्छादित शिखरे आणि वर गुलाबी आकाश. स्नेही थोडे खट्टू झाले. चित्रात दोष असा काहीच नव्हता. परंतु त्यांच्या मनात होती ती श्रावणातली भातखाचरे. यंत्राने बर्फ कोठून आणला, हा त्यांचा प्रश्न. त्याचे उत्तर या यंत्रांच्या अल्पशा इतिहासात सापडते आणि तोच आज आपणांस सांगावयाचा आहे.

हे यंत्र निसर्ग पाहून शिकत नाही. चित्रे आणि त्या चित्रांखाली कोणीतरी लिहिलेल्या ओळी यांच्या जोड्या पाहून ते शिकते. तेव्हा ओळी लिहिणाऱ्यांनी जे लिहिले तेवढेच मागणाऱ्याला मागता येते. २०१५ साली कॅनडातील टोरांटो विद्यापीठाच्या संशोधकांनी वाक्यावरून चित्र काढण्याचा जो प्रयोग केला, त्यातील चित्रे रुंदीला बत्तीस व उंचीला बत्तीस ठिपके एवढीच, म्हणजे टपालाच्या तिकिटाहूनही अस्पष्ट होती. शाळेची पिवळी मोटार मागावी, मग वाक्यातला रंग पालटून तांबडी मागावी, आणि त्या धूसर डागाचा रंग खरोखरच पालटावा, यातच तेव्हा धन्यता होती. शिकवणीसाठी वापरलेल्या छायाचित्रसंग्रहात प्रत्येक चित्राला मजुरीवर नेमलेल्या माणसांकडून पाच-पाच वाक्ये लिहवून घेतली होती. त्यांना सूचना असे की, महत्त्वाच्या वस्तू सांगाव्यात, क्षुल्लक तपशील देऊ नये, आधी काय घडले वा पुढे काय घडेल याची कल्पना करू नये. अशा कोरड्या वाक्यांतून शिकलेल्या यंत्राजवळ ‘उदास सायंकाळ’ मागणे व्यर्थच होते. विषय होता, शैली आणि भाव यांना त्या ओळींत जागाच नव्हती.

ती जागा २०२१ साली निर्माण झाली. त्या वर्षीच्या जानेवारीत ओपनएआय या अमेरिकन संस्थेने ‘क्लिप’ नावाची रचना प्रसिद्ध केली. चित्र आणि वाक्य यांचा मेळ कितपत बसतो हे ती सांगे. ती शिकली होती इंटरनेटवरून गोळा केलेल्या चाळीस कोटी जोड्यांवरून. या ओळी मजुरीने लिहविलेल्या नव्हत्या. लोकांनी आपापल्या हेतूने लिहिल्या होत्या. त्यांत दुकानदारांची जाहिरात होती, प्रवाशांचे उद्गार होते, चित्रकारांची नावे होती. मग हौशी मंडळींच्या ध्यानात एक गंमत आली. मागणीच्या शेवटी ‘अनरियल एंजिन’ हे शब्द जोडले की चित्र एकदम रेखीव व झळझळीत येई! हे नाव आहे संगणकावरील खेळांची दृश्ये रचणाऱ्या एका प्रणालीचे. डोंगराशी त्याचा काय संबंध? संबंध एवढाच की, इंटरनेटवर ज्या चित्रांखाली हे नाव असे, ती चित्रे बहुधा रेखीव असत. ‘सुंदर’ या शब्दाचेही तसेच. ज्या चित्रांखाली लोकांनी तो अधिक वेळा लिहिला, त्यांत सरोवरे, हिमशिखरे व सूर्यास्त फार. म्हणून आमच्या स्नेह्यांच्या पदरात बर्फ पडला.

२०२२ साली मिडजर्नी आणि स्टेबल डिफ्यूजन ही यंत्रे सर्वांस खुली झाली, आणि शैली मागण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणून लोक चित्रकाराचे नावच लिहू लागले. त्यांतले एक नाव होते ग्रेग रुत्कोवस्की. हे पोलंडचे चित्रकार. अद्भुतरम्य खेळांसाठी ड्रॅगन, दुर्ग आणि सोनेरी प्रकाशाने भरलेले आकाश रंगविणारे. त्या वर्षीच्या सप्टेंबरात प्रसिद्ध झालेल्या एका वृत्तांतानुसार, मागण्यांच्या एका संग्रहात त्यांचे नाव सुमारे ९३,००० वेळा आले होते. पिकासोचे नाव दोन हजारांच्याही पुढे गेले नव्हते. याची कारणे अनेक असतील, पण त्यांतले एक मनाला लागणारे आहे. रुत्कोवस्की आपली चित्रे इंटरनेटवर ठेवताना त्यांसोबत इंग्रजी वर्णन लिहीत. दृष्टिहीनांना वाचकयंत्राच्या साह्याने चित्र कळावे यासाठी अशी वर्णने असतात. त्या नीटनेटक्या ओळींमुळे यंत्राला त्यांची धाटणी उचलणे सोपे गेले असावे. पुढे पुढे स्वतःच्या नावाचा शोध घेतला असता त्यांना स्वतः न काढलेली चित्रे दिसू लागली. त्यांची संमती कोणी विचारली नव्हती.

नोव्हेंबर २०२२ मध्ये स्टेबल डिफ्यूजनची दुसरी आवृत्ती निघाली. तिच्यात शब्द समजून घेणारा भाग बदलला होता, आणि त्या नावाची जादू नाहीशी झाली. वापरणाऱ्यांनी तक्रारींचा गदारोळ केला. २०२३ साली काहींनी तीच शैली पुन्हा शिकविणारी जोडणीही तयार केली. चित्रकाराच्या इच्छेचा प्रश्न या गदारोळात फार थोड्यांनी काढला, हे नमूद केलेच पाहिजे.

२०२३ च्या उत्तरार्धात डाल-ई या यंत्राच्या तिसऱ्या आवृत्तीसाठी कर्त्यांनी मुळावरच घाव घातला. लोकांच्या ओळी बहुतांशी बाजूस सारून त्यांनी यंत्राकडूनच चित्रांची सविस्तर वर्णने लिहवून घेतली. शिकवणीत अशा वर्णनांचे प्रमाण शेकडा ९५ होते. तेव्हापासून मंत्रासारखे सुटे शब्द पेरण्याची गरज कमी झाली व सरळ वाक्य अधिक लागू पडू लागले.

आता आमच्या स्नेह्यांकडे वळू. दुसऱ्या खेपेस त्यांनी विषय सांगितला : ‘श्रावणातील भातखाचर, इरले घेतलेली बाई, मागे डोंगर.’ बाई आली ती छत्री घेऊन! इरले या शब्दाची ओळ यंत्राने फारशी पाहिलेली नसावी. म्हणून नाव सोडून वस्तू सांगितली : बांबूच्या कामट्यांचा व पानांचा, डोक्यापासून पाठीवर उतरलेला, नावेसारखा आडोसा. शैलीसाठी कोणा चित्रकाराचे नाव न घेता ‘खरबरीत कागदावर पातळ जलरंग’ असे लिहिले. भावासाठी आधी ‘प्रसन्न’ लिहून पाहिले, तर बाई दात दाखवून हसू लागली. मग तो शब्द काढून ‘पाऊस नुकताच उघडला आहे, ढगांतून तिरपे ऊन खाचराच्या पाण्यावर पडले आहे’ असे लिहिले, आणि हवी ती प्रसन्नता प्रकाशातून आली. ‘तारेचे खांब नकोत’ असे लिहिताच मात्र खांब हटकून उभे राहिले. चित्राखाली लोक काय आहे ते लिहितात, काय नाही ते क्वचित. म्हणून नकार यंत्राला नीट उमगत नाही. ते वाक्य गाळल्यावर खांब गेले.

मराठीतून मागणाऱ्यास आणखी एक अडचण होती. क्लिपवर चालणारी यंत्रे वाक्याचे तुकडे करून फक्त ७७ तुकड्यांपर्यंत वाचत. इंग्रजीत एका शब्दाला बहुधा एक तुकडा पुरे. देवनागरीत मात्र एकेका शब्दाचे अनेक तुकडे पडत आणि थोड्याच शब्दांत मर्यादा संपे. पुढचे ऊन, पाणी, डोंगर यंत्राने वाचलेलेच नसे. स्नेह्यांचे यंत्र त्यानंतरचे असल्याने त्यांची मराठी ओळ शेवटपर्यंत वाचली गेली. ते चित्र त्यांनी आपल्या आईला दाखविले. म्हातारीने चष्मा सारखा करून पाहिले आणि म्हणाली, “इरलं बरं काढलंय. पण लावणी करणारी बाई अशी ताठ उभी कशी?”