प्लुटो, शुक्र आणि आनंदीबाईंची पत्रिका

गेल्या लग्नसराईच्या तोंडावर अंबाजोगाईकडच्या एका खेड्यातले एक गृहस्थ माझ्याकडे आले. मी इतिहास शिकवणारा माणूस. पत्रिकेशी माझा संबंध एवढाच, की जुन्या कागदपत्रांच्या तारखा लावायला पंचांग उघडावे लागते. पण खेड्यात ‘सर’ म्हटला की त्याला सगळे समजते. त्यांच्या हातात मोबाईलवरून छापून काढलेली चार पाने होती. मुलीचे गुण जमले होते, छत्तीसांपैकी चांगले चोवीस. पण खाली एक ओळ होती : मुलाचा प्लुटो मुलीच्या शुक्राच्या बरोबर समोर. ‘अतिशय घट्ट ओढ, मालकीची भावना, एकाने दुसऱ्यावर ताबा ठेवणे,’ असे तिथे लिहिले होते. गृहस्थ म्हणाले, “सर, हा प्लुटो कोण? आमच्या आज्याच्या पंचांगात तर कधी दिसला नाही.”

आज्याच्या पंचांगात तो दिसणार नव्हताच. प्लुटो सापडला १९३० साली, अमेरिकेत. त्याआधी कोणीही त्याच्यावरून विवाह जुळवले नाहीत आणि मोडलेही नाहीत. आपल्या गुणमेलनात सारा हिशेब चंद्राचा, म्हणजे राशीचा आणि नक्षत्राचा. त्यात ताब्याचा विचार अगदीच नाही असे मात्र नाही. आठ कूटांपैकी दुसरे कूट ‘वश्य’. कोणती रास कोणत्या राशीच्या कह्यात राहते, ते त्यात पाहतात. त्याला गुण किती? छत्तीसांत दोन. नाडीला आठ आणि वश्याला दोन! आपल्या जुन्या ज्योतिषांनी ताब्याचा प्रश्न ओळखला होता, पण फारसा मनावर घेतला नव्हता असे दिसते.

या दूरच्या ग्रहाशी आपल्या मराठी माणसाचा एक जुना संबंध आहे, तो इथे सांगितला पाहिजे. व्यंकटेश बापूजी केतकर हे पेशाने शाळामास्तर, बागलकोटकडे नोकरी केलेले. ‘ज्योतिर्गणितम्’ आणि ‘केतकी ग्रहगणितम्’ हे त्यांचे ग्रंथ पंचांगकर्त्यांना ठाऊक आहेत. १९११ साली त्यांनी फ्रान्समधल्या खगोलशास्त्रीय संस्थेच्या पत्रिकेत लेख लिहून सांगितले, की नेपच्यूनच्या पलीकडे आणखी ग्रह असले पाहिजेत. त्यातल्या पहिल्याचे नाव त्यांनी ठेवले ‘ब्रह्मा’. सूर्यापासून त्याचे अंतर त्यांनी पृथ्वीच्या अंतराच्या ३८.९५ पट धरले आणि फेरा सुमारे २४२ वर्षांचा. प्लुटोचे सरासरी अंतर निघाले ३९.५ पट आणि फेरा २४८ वर्षांचा. आज खगोलशास्त्री याला योगायोग मानतात. प्लुटो आपल्या चंद्राहूनही बराच हलका आहे, दुसऱ्या ग्रहाला ओढून त्याची वाट बदलण्याचे बळ त्याच्यात नाही. तरी एका शाळामास्तराची ही आकडेमोड थक्क करणारी आहे. प्लुटो सापडल्याची बातमी १९३०च्या मार्चमध्ये आली आणि त्याच वर्षी केतकर वारले.

नाव मात्र त्यांचे राहिले नाही. इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डच्या व्हेनेशिया बर्नी नावाच्या अकरा वर्षांच्या मुलीने ‘प्लुटो’ सुचवले. हा रोमन लोकांचा पाताळाचा देव. रान फुले वेचणाऱ्या मुलीला तो रथात घालून खाली नेतो आणि बायको करून ठेवतो, अशी त्याची कथा आहे. पुढे काय झाले ते पाहा. जर्मनीत फ्रिट्झ ब्रुनह्युब्नर यांनी १९३४ साली या नव्या ग्रहावर ज्योतिषाचे पुस्तकच लिहिले. नंतरच्या पन्नास वर्षांत, विशेषतः १९७० आणि १९८०च्या दशकांत, पाश्चात्त्य ज्योतिषांनी त्याचा अर्थ पक्का केला : गाडलेल्या गोष्टी, सत्ता, हिसकावून घेणे, नाश आणि पुन्हा उभे राहणे. दोन पत्रिका एकमेकींवर ठेवून पाहताना एकाचा प्लुटो दुसऱ्याच्या शुक्राला लागला, तर प्रेमात मालकी. चंद्राला लागला, तर मायेतच ताबा. ती सारी पाताळातली कथाच या फलितात उतरली आहे. केतकरांचा ‘ब्रह्मा’ रूढ झाला असता, तर याच ठिपक्याला कोणी निर्मितीचा कारक म्हटले असते, असे मला राहून राहून वाटते.

आता हे फलित एखाद्या खऱ्या संसारावर लावून पाहू. मराठी इतिहासात ओढ आणि ताबा ही दोन्ही टोके एकाच घरात पाहायची, तर आनंदीबाई आणि गोपाळराव जोशी यांच्याइतके ठळक उदाहरण नाही. यमुना हे तिचे माहेरचे नाव, जन्म ३१ मार्च १८६५. नवव्या वर्षी लग्न झाले. नवरा टपालखात्यातला, बिजवर, वयाने सुमारे वीस वर्षांनी मोठा. त्याला बायको शिकलेली हवी होती, आणि त्या काळात हा ध्यास किती विलक्षण! पण अभ्यास टाकून ती स्वयंपाकघरात दिसली की तो मारी. चौदाव्या वर्षी तिला मूल झाले, ते दहा दिवसांत गेले. १८८३ साली ती एकटी अमेरिकेला गेली आणि १८८६च्या मार्चमध्ये फिलाडेल्फियाच्या महाविद्यालयातून डॉक्टर झाली. तिथून तिने नवऱ्याला लिहिलेल्या एका पत्रात जुना हिशेब मांडला आहे : दहाव्या वर्षी लाकडाने मार, बाराव्या वर्षी अंगावर फेकलेल्या खुर्च्या नि पुस्तके, सोडून जाण्याच्या धमक्या. त्याच नवऱ्याचे उपकारही ती मानते. २६ फेब्रुवारी १८८७ला पुण्यात ती वारली, बावीस वर्षांचीही झाली नव्हती.

ज्योतिषाला विचारले, तर तो म्हणेल, इथे नवऱ्याचा प्लुटो बायकोच्या शुक्रावर किंवा चंद्रावर असलाच पाहिजे. तर मग मोजू या. प्लुटो इतका मंद, की त्या काळात एका वर्षात तो जेमतेम एक अंश सरके. म्हणून गोपाळरावांची तिथी आणि घटका लागत नाही. १८४५च्या मागेपुढे जन्मलेल्या कोणाचाही प्लुटो सायन मेषेच्या २३ अंशांच्या आसपास, दोन अंश इकडे किंवा तिकडे. आनंदीबाईंच्या जन्मदिवशी शुक्र सायन वृषभेच्या २० अंशांच्या सुमारास होता. दोघांत अंतर सत्तावीस अंशांचे. चंद्र त्या दिवसात मिथुनेच्या आरंभापासून तेराव्या अंशापर्यंत गेला. अंतर पस्तीस ते बावन्न अंश. सायन-निरयनाचा वाद इथे आड येत नाही, कारण दोन ग्रहांमधले अंतर दोन्ही पद्धतींत तेच राहते.

युती हवी तर अंतर शून्य, लाभयोगाला ६०, केंद्रयोगाला ९०, नवपंचमाला १२०, प्रतियोगाला १८०, आणि प्रत्येकाला पाचेक अंशांची सूट, म्हणजे दीप्तांश. यांतला एकही योग इथे नाही! दुसरी बाजू, म्हणजे तिचा प्लुटो त्याच्या चंद्राला लागतो का, हे नेमक्या जन्मतारखेवाचून मांडता येत नाही, कारण चंद्र दिवसाला तेरा अंश धावतो. पण ताबा ठेवणारा तर नवरा होता, आणि या विद्येत ताबा त्याचा, ज्याचा प्लुटो.

यावर जाणकार ज्योतिषी गप्प बसणार नाही. तो म्हणेल, ३० अंशांचा द्विर्द्वादश आहे, ४५ अंशांचा अर्धकेंद्रही धरता येईल. खरे आहे; पण इथेच सावध व्हावे. युती, प्रतियोग आणि दोन बाजूंचे केंद्रयोग एवढेच धरले, तरी दीप्तांशांसह चक्रातले चाळीस अंश व्यापतात, म्हणजे नववा हिस्सा. शुक्र आणि चंद्र, त्याचे आणि तिचे, अशा चार संधी. हिशेब केला तर शंभर जोडप्यांत सदतीस-अडतिसांत काही ना काही ‘प्लुटोयोग’ नुसत्या योगायोगानेच निघतो. लाभयोग आणि नवपंचम मिळवले तर त्रेसष्टांत. अर्धकेंद्रही घेतले, तर योग नसलेली जोडपी आणखी कमी उरतील.

शिक्षक बंधूंना आणखी एक गंमत सांगतो. तुमच्या दहावीच्या वर्गातली बहुतेक मुले एका वर्षाच्या आतबाहेर जन्मलेली, म्हणून सगळ्यांचा प्लुटो तीन-चार अंशांच्या पट्ट्यात असतो. वर्गातल्या एखाद्या मुलीचा शुक्र त्या पट्ट्यासमोर आला, तर पत्रिकेप्रमाणे वर्गातला एकूणएक मुलगा तिच्यावर ताबा गाजवणार! समवयस्क जोडप्यात नवऱ्याचा प्लुटो बायकोच्या शुक्राला लागतो, तेव्हा तिचा स्वतःचाही लागलेलाच असतो. दोघांचे प्लुटो दूर असतील, तर त्या अंतरातून एकच गोष्ट ठामपणे कळते, ती म्हणजे वयातला फरक. गोपाळरावांचा मेषेत आणि आनंदीबाईंचा वृषभेच्या तेराव्या अंशाजवळ, सुमारे वीस अंशांवर. वीस वर्षे.

आणि इतिहासाच्या नजरेने ते वीस अंशच बोलके आहेत. नऊ वर्षांची मुलगी आणि तिशीच्या घरातला कमावता पुरुष. ताबा ठेवायला आणखी कशाची गरज होती? कायदाही त्याच्याच बाजूचा. याच सुमारास रखमाबाईंवर त्यांच्या नवऱ्याने नांदायला येण्याचा दावा लावला होता, आणि १८८७ साली मुंबईच्या न्यायालयाने त्यांना नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असे सुनावले. रखमाबाईंनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली.

हे सगळे मी त्या गृहस्थांना सांगितले. मग विचारले, “मुलगी किती वर्षांची?” म्हणाले, “वीस. कॉलेजात दुसऱ्या वर्षाला हाय.” “आणि मुलगा?” “एकतीस.” मी म्हटले, अहो, त्या मुलाच्या वर्षी जन्मलेल्या सगळ्या मुलांचा प्लुटो तुमच्या मुलीच्या शुक्रासमोरच येणार, उसाला जाणाऱ्या टोळीतले निम्मे गडी त्याच वयाचे निघतील. ते हसले. मग पाने घडी करून खिशात ठेवता ठेवता सहज बोलून गेले, की सुपारी फुटल्यापासून पाहुण्यांनी मुलीचा मोबाईल मागून घेतला आहे, आणि परीक्षेला बसू नको असा निरोपही आला आहे.

मी म्हटले, “दादा, हे त्या चार पानांत कुठे लिहिले आहे का?” “नाही,” ते म्हणाले. थोडा वेळ बसून राहिले. मग परीक्षेचा अर्ज भरायची शेवटची तारीख कोणती, ते त्यांनी मला विचारले.