दशावतारात कोण इलो? मुकुट, रंग आणि हातातली वस्तू बघून पात्र असं ओळखा

कार्तिकी एकादशी सरली की सिंधुदुर्गात गावोगावच्या जत्रा सुरू होतात. रात्री पालखीची प्रदक्षिणा झाली की देवळापुढच्या मांडवात दशावताराची पेटी वाजायला लागते आणि पहाटे दहीकाला फुटेपर्यंत नाटक चालतं. मुंबईहून आलेला चाकरमानी, त्याची मुलं, नवी सून, पाहुणे असे सगळे खुर्च्या धरून बसतात, आणि अर्ध्या तासात मागून प्रश्न येतो, "ह्यो आता कोण इलो?"

हा प्रश्न पडण्यात कमीपणा नाही. दशावताराला छापील संहिता नसते. संध्याकाळी कंपनीचा मालक आख्यान सांगतो, पार्ट वाटून देतो आणि संवाद नट जागेवर उभे करतात. पडदा उघडण्यापूर्वी पात्रांची यादी कोणी वाचून दाखवत नाही. नेपथ्य म्हणाल तर मागे एक पडदा आणि पुढे एक बाकडं. तेच बाकडं सिंहासन, तेच पलंग, तेच कैलास. त्यामुळे कोण आलं हे सांगायचं काम नटाच्या अंगावरच्या गोष्टींना करावं लागतं.

या गोष्टी वाचायचा एक क्रम आहे. मुकुट पात्राचा दर्जा सांगतो, चेहऱ्याचा रंग स्वभाव सांगतो आणि हातातली वस्तू बहुतेक वेळा नाव सांगते. यातली एकच खूण धरून बसलात तर फसाल. तिन्ही एकत्र बघायच्या.

मुखवटे थोडे, पण मानाचे

दशावतार म्हणजे मुखवट्यांचं नाटक असा बाहेरच्यांचा समज असतो. प्रत्यक्षात मुखवटे मोजकेच असतात आणि तेही मुख्यतः सुरुवातीच्या भागात. या भागाला आपल्याकडे आडदशावतार म्हणतात. सूत्रधार येतो, मग लाकडी मुखवटा घातलेला गणपती येतो, सोबत ऋद्धी-सिद्धी असतात आणि पूजेला भटजी असतो. सोंड आणि मुकुट असल्यामुळे गणपती ओळखायला कुणाला अडचण येत नाही. लक्षात ठेवायचं ते वेगळंच. हा मुखवटा कंपनीच्या पेटाऱ्यातला देव असतो. प्रयोगाआधी त्याची पूजा होते, त्यामुळे रंगपटात जाऊन तो उचलून सेल्फी काढायची वस्तू नव्हे.

त्यानंतर सरस्वती येते. नटाच्या कमरेला मोर बांधलेला असतो, म्हणजे ती मोरावर बसून आल्यासारखी दिसते. मोर दिसला की सरस्वती, एवढं पुरे.

मग सगळा मांडव जागा करणारा संकासुर येतो. अंगभर काळे कपडे, डोक्यावरून चेहऱ्यावर ओढलेलं काळं कापड, डोळ्यांच्या भोकांभोवती पांढरी कडा, खाली लोंबणारी लाल जीभ आणि हातात काठी. लहान मुलं त्याला बघून आईच्या पदरात तोंड लपवतात. मीही लपवलं होतं. पण तो तोंड उघडतो आणि भीती पळते, कारण बाकीचे सगळे देव शुद्ध ग्रांथिक मराठीत बोलत असताना हा एकटा अस्सल मालवणीत बोलतो. गावातल्या गोष्टींवर टोमणे मारतो, भटजीची फिरकी घेतो. वेद पळवणारा हाच असुर आणि विष्णूच्या हातून मरणाराही हाच, पण मरेपर्यंत तो सगळ्यांचा लाडका असतो. म्हणून संकासुराची खरी खूण त्याच्या काळ्या कापडाइतकीच त्याच्या भाषेत आहे.

हल्ली वेळ वाचवायला बऱ्याच ठिकाणी आडदशावतार थोडक्यात उरकला जातो. ज्यांनी ही पात्रं कधी नीट बघितलीच नाहीत, त्यांना संकासुर म्हणजे नुसता विनोदी माणूस वाटतो.

राजपार्ट की राक्षसपार्ट?

आडदशावतार संपला की आख्यान सुरू होतं. इथून पुढे मुखवटे जवळजवळ नाहीतच. चेहरा रंगवलेला असतो आणि तो नटाने स्वतः रंगवलेला असतो. पेटाऱ्याशेजारी जमिनीवर बसायचं, हातात छोटा आरसा घ्यायचा आणि सुरुवात करायची. वेगळा रंगभूषाकार नसतो. पूर्वी सफेदा, पिवडी, हिंगूळ, काजळ यांवर भागायचं, आता तयार रंग आले. खुणांची भाषा मात्र फारशी बदललेली नाही.

राजपार्ट करणाऱ्याचा चेहरा उजळ, पिवळसर-गुलाबी असतो. भुवया रेखीव, मिशी बारीक किंवा बेताची, कपाळावर गंध. डोक्यावर उंच मुकुट, खांद्यावर भुजकीर्ती, गळ्यात माळा, कमरेला तलवार. राक्षसपार्टाचा चेहरा लालभडक किंवा गडद, भुवया जाड आणि वर चढवलेल्या, मिशी गालापर्यंत पसरलेली, डोळ्यांभोवती काळ्या-पांढऱ्या रेषा. केस बहुधा मोकळे. शिवाय चाल वेगळी. राजा पखवाजाच्या तालावर तोलून पाऊल टाकतो, तर राक्षस पाय आपटत येतो आणि बाकड्यावर बसतानासुद्धा एक पाय वर घेतो.

घोटाळा होतो तो मुकुटाने. राक्षसालाही मुकुट असतो, कारण तो बऱ्याचदा राजाच असतो. बळी, हिरण्यकश्यपू, रावण हे सगळे मुकुटधारीच. मुकुट दिसला म्हणजे सज्जन असं समजू नका. मुकुट फक्त एवढंच सांगतो की याच्याकडे सत्ता आहे.

देवांचं काम सोपं. विष्णू, राम आणि कृष्ण निळे रंगवतात. कृष्णाच्या मुकुटात मोरपीस असतं, रामाच्या हातात धनुष्य, विष्णूकडे शंख-चक्र. शंकराला मुकुट नसतो, जटा असतात. त्यात चंद्रकोर, गळ्यात नाग, हातात त्रिशूळ. ऋषीलाही जटा असतात, पण पांढरी दाढी, भगवं वस्त्र आणि कमंडलू असतो, त्यामुळे शंकराशी गल्लत व्हायचं कारण नाही. नारदाची वीणा आणि चिपळ्या पडद्यामागूनच ऐकू येतात, त्याला न बघताही ओळखता येतं. बांधलेल्या शेंडीवर फुलांच्या माळा असतात. नारद आला की आता भांडण लागणार, हे मागच्या रांगेतल्या म्हातारीलाही ठाऊक असतं.

स्त्रीपार्ट पुरुषच करतात. त्यात राणी, दासी आणि राक्षसी यांतला फरक दागिन्यांवरून आणि केसांवरून लागतो. राणीला मुकुट किंवा भरगच्च दागिने, दासीला साधं लुगडं, संकटात सापडलेल्या नायिकेचे केस सुटलेले.

एकच गदा, चार मालक

हातातली वस्तू नाव सांगते असं वर म्हटलं, पण तिथेही खाच आहे. गदा घेऊन कोणी आला तर तो भीम असेल, दुर्योधन असेल, मारुती असेल, क्वचित विष्णूही असेल. मारुतीला शेपूट आणि रंगवलेलं वानरमुख असतं, विष्णू निळा असतो, म्हणजे ते दोघे लगेच बाजूला पडतात. भीम आणि दुर्योधन दोघेही धिप्पाड, दोघांनाही मुकुट, दोघांनाही जाड मिशी. इथे चेहऱ्याकडे बघा. भीमाच्या चेहऱ्यावर राजपार्टाचा उजळपणा राहतो, दुर्योधनाच्या भुवया खलपार्टासारख्या वर चढलेल्या असतात. तरीही खात्री होत नसेल तर थांबा. प्रत्येक मोठं पात्र प्रवेशाचं पद संपवून बाकड्यावर बसलं की पहिल्या भाषणात आपण कोण, कुठले, मनात काय आहे हे स्वतःच सांगतं. ते पहिलं भाषण चुकवू नका. भजी खायला जायचंच असेल तर नंतर जा.

कीचकवध बघताना

खुणा कशा चालतात हे कीचकवधाच्या आख्यानात छान दिसतं, कारण यात अर्धी पात्रं वेश पालटून वावरतात. पांडवांचा अज्ञातवास चालू आहे. विराटाच्या दरबारात पहिला येतो तो विराट राजा: मुकुट, उजळ चेहरा, वयाला शोभेल अशी मिशी. त्यामागून दुसरा येतो, अंगावर तेवढाच भरजरी पोशाख, पण चेहरा लालसर, मिशी पसरलेली, हात सारखा तलवारीवर. मागे कोणीतरी म्हणतं, "ह्यो खरो राजा वाटता." "राजा नाय रे, सेनापती आसा तो." हा कीचक, राणी सुदेष्णेचा भाऊ. राजापेक्षा त्याचाच थाट मोठा आहे, आणि कथेतही राज्य त्याच्याच जोरावर चाललेलं आहे. रंगभूषेनेच गोष्ट सांगून टाकली.

मग बिनमुकुटाचा एक धिप्पाड माणूस येतो, कमरेला पंचा, हातात पळी. मुकुट नाही म्हणून त्याला नोकर समजून सोडून दिलात तर सगळं आख्यान हातातून गेलं. तो बल्लव आचारी म्हणजे भीम. दर्जाची खूण मुद्दाम काढून घेतलेली आहे, पण शरीर आणि जाड मिशी तशीच ठेवली आहे. तसंच सैरंध्रीचं. दासीचं साधं लुगडं, दागिने नाहीत, पण चेहरा नायिकेचा आणि केस सुटलेले. ही द्रौपदी.

शेवटी रात्रीच्या नृत्यशाळेत भीम सैरंध्रीच्या जागी जाऊन बसतो. अनेक प्रयोगांत तो डोक्यावरून लुगडं ओढून घेतो. कीचकाला फक्त लुगडं दिसतं, आपल्याला खालचे दांडगे पाय आणि मिशीचं टोकही दिसतं. मांडवात हशा पिकतो तो त्यामुळेच: कीचक एकाच खुणेवर विसंबला आणि आपण तिन्ही वाचल्या.

दिवे आणि घाम

दोन अडचणी सांगायला हव्यात. रंगीत एलईडी लावायची पद्धत सगळीकडे आली आहे. निळा झोत पडला की राजाचा पिवळसर चेहरा हिरवट होतो आणि लाल राक्षस काळा दिसतो. अशा वेळी रंगावर जाऊ नका, भुवया आणि मिशीचा आकार बघा, तो दिव्याने बदलत नाही. दुसरं, पहाटे तीननंतर घामाने रंग उतरायला लागतो. त्यातच मनुष्यबळ कमी असेल तर आधी मेलेला नट दुसरा पार्ट घेऊन परत येतो. घाईत चेहरा तोच राहतो, फक्त मुकुट आणि हातातली वस्तू बदलते. ओळखीचा चेहरा बघून "हो मेलोलो ना?" असं विचारण्याआधी डोक्यावर आणि हातात काय आहे ते बघा.

मालिकांमधले चकचकीत मुकुट आता पेटाऱ्यातही शिरले आहेत. देव, राजा आणि राक्षस सगळ्यांना सारखाच सोनेरी उंच मुकुट मिळाला की पहिली खूणच बोथट होते. जुने नट हे भुवयांनी आणि चालीने भरून काढतात. नव्या नटाचा प्रयोग बघताना ते जमतंय का, हे पहिल्या प्रवेशातच कळतं: तो बाकड्यावर बसून बोलायच्या आत मागच्या रांगेने नाव घेतलं, तर जमलं.