तोट्यातलं घरचं दुकान पुन्हा रुळावर कसं आणायचं? एका कापड दुकानाचा हिशेब

दुकान रोज उघडतंय, गिऱ्हाईक येतंय, कपाटं मालाने भरलेली आहेत. तरीही महिनाअखेरीला पैसे उरत नाहीत आणि बँकेचं कर्ज वाढतच जातं. पिढीजात दुकानांमध्ये हे चित्र नवीन नाही. अशा वेळी नेमकं काय करायचं असतं? एका काल्पनिक उदाहरणातून समजून घेऊ.

आधी खरा तोटा शोधायचा

तालुक्याच्या गावातलं रेडिमेड कपड्यांचं एक दुकान आहे, असं समजा. महिन्याची विक्री ४ लाख रुपये. १०० रुपयांच्या विक्रीत २५ रुपये सुटतात, म्हणजे हातात १ लाख येतात.

खर्च मात्र असा आहे: दुकान आणि गोडाऊनचं भाडं ३० हजार, दोन कामगारांचा पगार २४ हजार, वीज ९ हजार, १२ लाखांच्या कॅश क्रेडिटवर ११ टक्के दराने व्याज ११ हजार, किरकोळ ६ हजार. आणि गल्ल्यातून घरखर्चाला जाणारे ४५ हजार. एकूण सव्वा लाख.

म्हणजे दर महिन्याला २५ हजारांचा तोटा. घरच्या दुकानात गल्ल्यातून काढलेले पैसे बऱ्याचदा वहीत येतच नाहीत, त्यामुळे कागदावर दुकान नफ्यात दिसतं. म्हणून पहिलं काम म्हणजे घराला ठरावीक पगार बांधून देणं.

खर्च कुठे कापायचा?

ज्याने गिऱ्हाईक तुटेल तो खर्च कापायचा नाही. चांगला सेल्समन काढला, तर पगार वाचतो पण विक्रीही जाते. या उदाहरणात गोडाऊन सोडून ६ हजार, विजेत २ हजार आणि घरखर्चात ७ हजार असे १५ हजार वाचतात. पण गोडाऊन सोडायचं तर आधी ते रिकामं व्हायला हवं.

जुना माल: खरी अडचण इथे आहे

दुकानात खरेदी किमतीने २० लाखांचा माल आहे. त्यातला ६ लाखांचा माल वर्षापेक्षा जुना आहे. ‘घेतलेल्या भावाखाली विकायचा नाही’ हा हट्ट इथे महाग पडतो, कारण फॅशन आणि साइज निघून गेल्यावर त्या मालाची किंमत दरवर्षी उतरतच जाते.

समजा हे १,००० नग आहेत. खरेदी ६०० रुपये, विक्री ८०० रुपये. पहिले तीन आठवडे ३० टक्के सूट दिली आणि २५० नग ५६० रुपयांनी गेले. पुढचे तीन आठवडे निम्म्या भावाने ४०० नग ४०० रुपयांनी गेले. उरलेले ३५० नग एकगठ्ठा व्यापाऱ्याला १८० रुपयांनी दिले. एकूण साधारण ३ लाख ६३ हजार सुटले.

सेलचा माल वेगळ्या रॅकवर ठेवायचा आणि त्याची बिलं वेगळी मोजायची. नेहमीच्या भावाची बिलं कमी होऊ लागली, तर सेल ताज्या मालाचंच गिऱ्हाईक खातोय असं समजायचं. माल फुकट वाटण्यापेक्षा स्वस्तात विकलेला बरा, कारण फुकट दिलेल्या मालावर घेतलेलं जीएसटीचं इनपुट क्रेडिट परत करावं लागतं.

हा पैसा कुठे जायला हवा?

योजना फसते ती बहुतेक इथेच. कॅश क्रेडिटची मर्यादा मालावर ठरते. बँक मालाच्या ७५ टक्के रक्कम धरते आणि सगळ्या मालाचे पैसे चुकते झालेत असं समजू. २० लाखांच्या मालावर १५ लाख उचलता येतात. माल १४ लाखांवर आला की मर्यादा साडेदहा लाख होते. सेलचे पैसे घरात गेले आणि कर्ज १२ लाखच राहिलं, तर खातं दीड लाखाने मर्यादेबाहेर जातं.

म्हणून ३ लाख बँकेत भरायचे आणि उरलेल्या ६३ हजारांत फक्त खपणाऱ्या साइज आणायच्या. सेल लावण्याआधी बँकेच्या मॅनेजरला योजना सांगून ठेवायची. कर्ज ९ लाखांवर आलं की व्याजात महिन्याला सुमारे २,७५० रुपये वाचतात.

सावरायला किती वेळ लागतो?

पहिले दोन आठवडे माल मोजून त्याचं वय लिहायचं. तिसऱ्या ते आठव्या आठवड्यात सेल. तिसऱ्या महिन्यापासून एकच नियम: गेल्या महिन्यात जेवढा माल विकला गेला, त्याच्या खरेदी किमतीपेक्षा जास्त खरेदी नाही. दिवाळी आणि लग्नसराईपुरती यातून सूट.

आता महिन्याचा खर्च १ लाख ७ हजारांवर आला आहे. तो भागवायला आधी ५ लाखांची विक्री लागायची, आता ४ लाख २९ हजार पुरतात. तोटा २५ हजारांवरून सुमारे ७ हजारांवर आला आणि उरलेली दरी ७ टक्के जास्त विक्रीची आहे. ताज्या मालाने ती सहा ते नऊ महिन्यांत भरता येऊ शकते.

तुलना मात्र गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करायची. दिवाळीच्या महिन्यातला नफा म्हणजे दुकान सावरलं असं नाही.

थांबायचं कधी?

ही तारीख सुरुवातीलाच ठरवायची असते. नऊ महिन्यांनंतरही सेल सोडून झालेल्या विक्रीतून खर्च भागत नसेल आणि कर्ज पुन्हा वाढू लागलं असेल, तर अडचण जुन्या मालाची नाही, गिऱ्हाईकच दुसरीकडे गेलंय. अशा वेळी घर किंवा सोनं गहाण ठेवून दुकान चालवण्यापेक्षा, माल विकून देणी भागतायत तोवर शटर खाली ओढणं कमी नुकसानीचं ठरतं.