अंग तापलेले, तरी हुडहुडी: शरीराच्या तापमान-नियमनाची ओळख

हिवतापाच्या रुग्णाला थर्मामीटर लावावा, तर तो 39 अंश सेल्सियस, म्हणजे फॅरनहाइटमध्ये 102 च्या वर, दाखवतो; आणि रुग्ण मात्र दात वाजवत आणखी एक गोधडी मागत असतो. त्याच्या कपाळाला हात लावणाऱ्याला चटका बसतो आणि त्याला स्वतःला थंडी वाजते. दोघांचेही म्हणणे खरे आहे. या विषयात पहिल्यांदाच डोकावणाऱ्या वाचकांनी सुरुवात या विसंगतीपासून करावी, असे मला वाटते. ती सुटली की पुढचे बरेचसे आपोआप उलगडते.

निरोगी माणसाच्या शरीराच्या आतल्या भागाचे तापमान 37 अंशांच्या आसपास असते. ‘आसपास’ हा शब्द महत्त्वाचा. पहाटे ते सर्वांत कमी असते, संध्याकाळकडे सर्वांत जास्त, आणि दोन्हींत साधारण अर्धा ते एक अंशाचा फरक पडतो. त्यामुळे संध्याकाळी साडेसदतीस दिसले म्हणून लगेच घाबरून जाऊ नये. हा आकडा राखण्याचे काम मुख्यतः मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसकडे आहे. तिथल्या काही पेशींना स्वतःजवळून वाहणाऱ्या रक्ताचे तापमान कळते, शिवाय त्वचेकडून गार-गरमच्या बातम्या येत राहतात. या दोन्हींची सांगड घालून, शरीर ज्या आकड्याशी बांधलेले असावे तसे वागते, त्याला ‘सेट पॉइंट’ म्हणतात.

तो राखण्याची साधने तीन, पण तिन्हींचा खर्च सारखा नाही. सर्वांत स्वस्त साधन म्हणजे त्वचेकडे जाणारे रक्त. आतली उष्णता बाहेर आणण्याचे काम रक्तच करते. आरामात बसलेल्या माणसाच्या त्वचेतून मिनिटाला साधारण पाव लिटर रक्त फिरते. कडक उन्हाळ्यात हेच प्रमाण सहा-सात लिटरपर्यंत जाऊ शकते. तळहात, तळपाय, कान आणि नाकाचा शेंडा इथे धमनी आणि शीर यांना थेट जोडणाऱ्या खास वाहिन्या असतात. त्या उघडल्या की हात ऊबदार आणि लालसर होतात, मिटल्या की गार पडतात. तुम्ही नुसते बसलेले असताना दिवसभर हा खेळ चालू असतो, त्याला ना पाणी लागते ना जादा इंधन.

एवढ्याने भागले नाही तरच पुढची पायरी. उकाड्यात घाम सुटतो, आणि त्यात पाणी व मीठ खर्च होते. थंडीत स्नायू आपोआप कापू लागतात. या हुडहुडीने उष्णतेची निर्मिती विश्रांतीच्या तुलनेत काही पटींनी वाढते, पण इंधन भराभर जळते आणि माणूस थकून जातो. म्हणून थंडीत आधी हातपाय गार पडतात आणि हुडहुडी त्यानंतर, तापमान आणखी घसरल्यावर भरते. नवजात बाळाला तर ती नीट भरतही नाही. त्याच्या खांद्यांमागे आणि मानेपाशी तपकिरी चरबी असते, तीच जाळून ते ऊब मिळवते.

आता हिवतापाकडे वळू. परजीवी तांबड्या पेशी फोडून बाहेर पडतात, तेव्हा रोगप्रतिकारक पेशी काही संदेशद्रव्ये सोडतात. त्यांच्यामुळे हायपोथॅलॅमसच्या परिसरात प्रोस्टाग्लँडिन तयार होते आणि सेट पॉइंट वर सरकतो. समजा तो 37 वरून 40 वर गेला. शरीर अजून 37 वरच आहे, म्हणजे हिशेबाने तीन अंशांनी गार! मग थंडीत जे करायचे तेच ते करते. त्वचेच्या वाहिन्या मिटतात, नखे निळसर दिसतात, अंगावर काटा येतो, कापरे भरते. उष्णता आत कोंडली जाते, वर नवी तयार होते, आणि पंधरा मिनिटांपासून तासाभरात पारा चढत जातो. गोधडी मागणे हाही याच प्रयत्नाचा भाग आहे.

पारा 40 ला पोचला की हुडहुडी थांबते. आता शरीर आणि सेट पॉइंट यांचे जमले आहे. रुग्ण तापाने फणफणलेला, त्वचा कोरडी, डोके ठणकणारे, पण थंडी नाही. काही तासांनी प्रोस्टाग्लँडिन ओसरते, सेट पॉइंट पुन्हा 37 वर येतो आणि तेच 40 अंश आता ‘फार गरम’ ठरतात. वाहिन्या उघडतात, चेहरा लाल होतो, दरदरून घाम फुटतो, गोधडी भिरकावली जाते. व्हायव्हॅक्स जातीच्या हिवतापात हे चक्र बहुधा एक दिवसाआड परतते. चढताना 39 अंशांवर रुग्ण कुडकुडतो आणि उतरताना त्याच 39 वर घामाने भिजतो. थर्मामीटर दोन्ही वेळा एकच आकडा दाखवतो.

पॅरासिटामॉलचे कामही यातून कळते. ते शरीर थंड करत नाही, प्रोस्टाग्लँडिन बनू न देता सेट पॉइंट खाली आणते. मग घाम आपले काम करतो. ताप चढत असताना नुसत्याच गार पाण्याच्या घड्या ठेवल्या, तर शरीर आपला नवा आकडा सोडत नाही आणि हुडहुडी वाढते.

इथे एक सावधगिरीची सूचना. मेंदूत एखादा आकडा कोरलेला आहे, अशी कल्पना वाचकांनी करून घेऊ नये. वाहिन्या, घाम आणि हुडहुडी यांचे उंबरठे वेगवेगळे असतात, आणि त्यांच्या एकत्रित परिणामाने तापमान जिथे स्थिरावते त्याला आपण सोयीसाठी एक नाव दिले आहे. शस्त्रक्रियेच्या वेळी पूर्ण भूल दिली की हे उंबरठे एकमेकांपासून दूर जातात, मधल्या पट्ट्यात शरीर काहीच करत नाही आणि रुग्ण गार पडत जातो. म्हणून शस्त्रक्रियागृहात रुग्णाला गरम हवेची पांघरुणे घालतात.

उष्माघात हे तापाचे अगदी उलटे प्रकरण. इथे सेट पॉइंट 37 वरच असतो, कमी पडतात ती साधने. मे महिन्यात नागपुरात 44 अंशांच्या हवेत विटा वाहणारा मजूर घ्या. हवा त्वचेपेक्षा गरम, तेव्हा रक्त बाहेर आणून उष्णता टाकायला जागाच नाही. उलट हवाच त्याला तापवते. उरतो फक्त घाम. एक लिटर घाम पूर्ण सुकला तर सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो आणि जड कामात तासाला 300 च्या आसपास तयार होते. म्हणजे पाणी पुरेसे मिळत असेल तर कोरड्या हवेत गणित जमते. कोकणात पारा कमी असला तरी दमट हवेत घाम सुकत नाही, नुसता निथळतो; आणि निथळलेला घाम काहीच गारवा देत नाही. धोतऱ्याच्या विषबाधेत तर घामग्रंथींना जाणारा संदेशच अडतो, त्वचा कोरडी-लाल होते आणि अंग तापते.

उष्माघातात आतले तापमान 40 च्या वर जाते आणि माणूस बरळू लागतो किंवा बेशुद्ध पडतो. घाम थांबला तरच उष्माघात, असे मात्र समजू नये. कष्ट करताना कोसळलेला माणूस घामाने चिंबही असू शकतो. इथे पॅरासिटामॉलचा उपयोग नाही, कारण खाली आणायला सेट पॉइंट वर गेलेलाच नसतो. रुग्णवाहिका बोलवावी आणि ती येईपर्यंत सावलीत नेऊन, कपडे सैल करून, अंगावर पाणी ओतत वारा घालावा. तरण्याताठ्या माणसाला कष्टाने उष्माघात झाला असेल आणि सोय असेल, तर बर्फाच्या पाण्यात गळ्यापर्यंत बसवणे सर्वांत जलद. डॉक्टर मात्र 39 च्या आसपास पोचल्यावर हे थंड करणे थांबवतात. गार झालेले त्वचेतले रक्त आत परतत राहते आणि पारा त्यानंतरही काही काळ उतरत जातो. तसेच चालू ठेवले, तर काही वेळापूर्वी 41 अंशांवर असलेल्या माणसाला आता हुडहुडी भरते.